ट ताणता येत नाही

आज एकच गोष्ट बघूया. घटना तीच ठेवायची, फक्त शब्दांचे आवाज बदलायचे. मूड बदलतो का?

प्रसंग असा: चाकणमधलं प्रेस शॉप, रात्रपाळी, आणि मशीन बंद पडतं. ऑडिओ कथेसाठी मी हे दोन प्रकारे लिहिलंय.

एक: ‘मशीनचा आवाज हळूहळू विरला, नि साऱ्या शेडमधून निवांत वारा वाहू लागला.’

दोन: ‘खट्! पट्टा तुटला. प्रेस ठप्प. सगळे गप्प.’

पहिल्यात आवाज, साऱ्या, निवांत, वारा, लागला, असा ‘आ’ परत परत येतो. सोबत ‘व’ आणि ‘ल’. आता म्हणून बघा: ‘आ’ पाच सेकंद ताणता येतो, ‘ल’ पण येतो. श्वास कुठे अडत नाही, म्हणून ऐकणारा सैलावतो.

‘ट’ ताणून दाखवा. जमणार नाही. जीभ टाळूला लागते, हवा अडते आणि एकदम सुटते. ‘पट्टा’, ‘ठप्प’ यांत तर हवा जास्त वेळ अडून राहते. शब्दाच्या मधोमध छोटी शांतता पडते, आणि आता काय होणार ही धाकधूक तिथेच बसते.

हे काही आजचं नाही. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त जवळपास हेच सांगितलंय: माधुर्य हवं तर ट, ठ, ड, ढ टाळा, ओज हवं तर तेच वर्ण आणि जोडाक्षरं आणा.

पण एकट्या अक्षरावर मूड ठरत नाही. ‘मरण’ शब्दातले तिन्ही आवाज मऊ आहेत. ‘गोड’मध्ये ‘ड’ आहे. माझ्या शांत वाक्यातही ‘शेड’चा ‘ड’ आहेच. मऊ आवाजांच्या गर्दीत तो एकटा टोचत नाही. आधी अर्थ, मग आवाजांची दाटी. आवाज अर्थाला जोर देतो, त्याची जागा घेत नाही.

आणि दाटी कुठे करायची? फक्त पट्टा तुटतो तिथे. आधीची चार-पाच वाक्यं मऊ ठेवा. सुरुवातीपासून खटखट चालू असेल तर कान सरावतो आणि खरा ‘खट्’ कुणाला दचकवत नाही. उलट एकाच वाक्यात दहा ‘प’ कोंबले तर ते जीभ वळवायचा खेळ होतं. प्रेसमध्ये कुणाचा हात अडकणार असतो आणि श्रोता हसतो. सीन गेला.

तपासायचं कसं? फोनवर रेकॉर्ड करा आणि कंपनीच्या बसमध्ये इअरफोन लावून ऐका. घाबरायच्या जागी हसू आलं, तर दोन शब्द काढा. माइक मात्र तोंडासमोर नको, जरा बाजूला धरा. नाहीतर प्रत्येक ‘प’ला हवेचा फटका बसतो, आणि तणावाऐवजी नुसती फडफड ऐकू येते.

चला, पुढच्या भागात भेटू.