राखीव दिवस एकत्र ठेवताना

क्रिटिकल चेन ही प्रकल्प-नियोजनाची पद्धत आहे.
एलियाहू गोल्डरॅट यांनी ती 1997 मध्ये पुस्तकातून मांडली.

श्रोतेहो, एका कामाचे 4 टप्पे धरू, एकापाठोपाठ एक.
प्रत्येकाला 10 दिवस.
त्यातले निम्मे धास्तीपोटी वाढवलेले.

हे वाढीव दिवस वाया जातात.
वेळ आहे म्हणून काम उशिरा सुरू होते.
लवकर संपले, तरी कुणी सांगत नाही.

म्हणून प्रत्येक टप्प्याला 5 दिवसच द्यायचे.
वाचलेल्या 20 पैकी 10 दिवस शेवटी राखायचे.
हाच बफर.
40 दिवसांचे काम 30 दिवसांत बसते.

राखीव दिवस एका टप्प्याचे नाहीत, सगळ्या कामाचे आहेत.

निम्मे काम होण्याआधीच बफरचा बराचसा भाग संपला,
तर तातडीने मदत पाठवायची.

मात्र 5 दिवस उलटले म्हणून जाब विचारला,
की पुढच्या वेळी अंदाज पुन्हा फुगतात.