होकार मागे घेताना



बक्षीस समारंभ अजून व्हायचा आहे, म्हणून मी एकाच गोष्टीवर बोलतो. अंतिम वर्षाच्या बऱ्याच जणांनी कॅम्पसमधून मिळालेली ऑफर स्वीकारली आहे आणि जॉइनिंग जून-जुलैत आहे. मधल्या काळात घरी काही घडलं आणि दिलेला होकार मागे घ्यावा लागला, तर काय करायचं? मी भरतीच्या कामात आहे, त्यामुळे त्या वेळी समोरच्या टेबलावर काय चालतं ते तुम्हाला सांगू शकतो.

तुमचा होकाराचा मेल आला की एचआरमधली व्यक्ती जागा भरल्याची नोंद करते आणि प्रतीक्षा यादीतल्या मुलांना नकार कळवते. ती मुलं थांबून राहत नाहीत, एकेक करून दुसरीकडे लागतात. म्हणून तुम्ही जून महिन्याच्या सुरुवातीला नाही म्हणालात, तर त्यांच्यापैकी कुणीतरी अजून मोकळं असतं. तेच जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद ठेवलात, तर सगळी भरती पुन्हा सुरू करावी लागते आणि एचआरच्या त्या व्यक्तीला साहेबांपुढे उत्तर द्यावं लागतं. राग येतो तो या उशिराचा.

सांगलीच्या एका मुलीचं उदाहरण देतो. पुण्याजवळच्या एका कारखान्यात तिला १ जुलैला रुजू व्हायचं होतं. ८ जूनला वडिलांना पक्षाघात झाला. घरी आई आणि शाळेत जाणारा भाऊ. पहिले दोन दिवस दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी फिजिओथेरपीला निदान सहा महिने लागतील असं सांगितलं, तेव्हा ११ तारखेला सकाळी तिने एचआरच्या मॅडमना फोन केला. मेल नाही, आधी फोन. सुरुवातीलाच म्हणाली, ‘‘मॅडम, वडिलांना पक्षाघात झालाय. मला सांगली सोडता येणार नाही. जॉइनिंग सहा महिने पुढे नेता येईल का?’’ मॅडमनी साहेबांना विचारून दुपारी फोनवर कळवलं की चार आठवड्यांपलीकडे शक्य नाही. ‘बघते, कळवते’ म्हणून तिला वेळ काढता आला असता. तिने तसं केलं नाही. चार आठवडे पुरणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, म्हणून त्याच फोनवर ती नाही म्हणाली.

संध्याकाळी मेल गेला, चारच वाक्यांचा. अमुक तारखेला स्वीकारलेली ऑफर वडिलांच्या आजारपणामुळे मी मागे घेत आहे. आज फोनवर बोलल्याप्रमाणे हा माझा अंतिम निर्णय आहे. आयत्या वेळी तुमची अडचण झाली याबद्दल मी दिलगीर आहे. जॉइनिंगसाठी आगाऊ मिळालेली रक्कम कोणत्या खात्यावर परत करू, ते कळवावं. मेलची प्रत कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना होती आणि त्यांनाही तिने आधी फोन केला होता. मॅडमनी दुसऱ्या दिवशी यादीतल्या पुढच्या मुलाला बोलावलं. तो अजून मोकळा होता.

आता कायद्याचं थोडक्यात. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्यानुसार होकार समोरच्याला पोचल्यानंतर तो आपल्या मर्जीने रद्द करता येत नाही. पण मनाविरुद्ध कुणाला नोकरीवर हजर राहायला न्यायालय लावत नाही. प्रश्न उरतो पैशाचा. म्हणून फोन करण्यापूर्वी ऑफर लेटर पुन्हा वाचा. जॉइनिंग बोनस, प्रवासखर्च किंवा रुजू न झाल्यास भरपाई, यांबद्दल त्यात काय लिहिलंय ते पाहा. भरपाईचं कलम असेल, तर मेल पाठवण्याआधी जाणकार वकिलाला दाखवा.

काही जणांची परिस्थिती आजारपणाने बदलणार नाही. दुसरी, जास्त पगाराची ऑफर येईल. माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या थोड्या जास्त पगारासाठी दिलेला शब्द मोडू नये. पण घरावर कर्ज असेल आणि फरक खरोखर मोठा असेल, तर जा, आणि कारण खरं सांगा. आजारपणाचं खोटं कारण दोन महिन्यांत लिंक्डइनवर उघडं पडतं, आणि मग पुढे कुणाचा बाप खरंच आजारी असला तरी त्याच्यावर विश्वास बसत नाही. एचआर म्हणेल, ‘‘आम्हीही तेवढा पगार देऊ.’’ जायचं ठरलेलं असेल तर आकड्यांच्या बोलण्यात शिरू नका. पगार वाढवून घेऊन नंतर पुन्हा नाही म्हणणाऱ्या माणसासाठी मी कधीच दुसऱ्यांदा शब्द टाकलेला नाही.

आणि यात तुमच्या कॉलेजचंही नाव गुंतलेलं असतं. कॅम्पसला येणारी कंपनी दरवर्षी मागच्या वर्षी किती जण रुजू झाले याची यादी काढते. न कळवता गैरहजर राहणारे जास्त असले, तर ती पुढच्या वर्षी जागा कमी करते किंवा येतच नाही, आणि त्याचा फटका आज मागच्या रांगांत बसलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना बसतो. म्हणून कंपनीच्या फोननंतर लगेच दुसरा फोन प्लेसमेंटच्या सरांना करा. कंपनीशी पुढचं बोलणं त्यांना करायचं असतं, आणि ही बातमी त्यांना तुमच्याकडूनच कळायला हवी.