वैद्यकीय अभ्यासाला नाव देताना

वैद्यकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर पदवीचं शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरला एक प्रबंध लिहावा लागतो. त्याचा आराखडा, म्हणजे सिनॉप्सिस, प्रवेशानंतर काही महिन्यांतच द्यायचा असतो. त्यावर पहिली ओळ असते शीर्षकाची, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. हे शीर्षक कसं घडवायचं, ते आज एकच उदाहरण घेऊन पाहू. प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो, पण शीर्षकाची घडण कोणत्याही भाषेत सारखीच असते, म्हणून आपण ते मराठीतच घडवू.

समजा, स्त्रीरोग विभागातल्या एका विद्यार्थिनीला गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर काम करायचं आहे. ती पहिलं शीर्षक लिहिते, 'गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षयाचा अभ्यास'. ऐकायला सुटसुटीत आहे, पण यातून कळलं काय? रक्तक्षय किती जणींना आहे हे ती मोजणार आहे, त्याची कारणं शोधणार आहे की उपचार करून पाहणार आहे? तिन्ही अभ्यास वेगळे आणि तिन्हींना हे एकच नाव चालेल. जे नाव तीन अभ्यासांना चालतं, ते एकाचंही नसतं.

गाईड सांगतात, 'जरा सविस्तर लिही.' मग दुसरं शीर्षक येतं. नीट ऐका. 'एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्रसूतिपूर्व तपासणीसाठी येणाऱ्या, मध्यम स्वरूपाचा लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असलेल्या गरोदर स्त्रियांमध्ये शिरेतून दिलेले फेरिक कार्बोक्सिमाल्टोज आणि तोंडावाटे दिलेल्या फेरस सल्फेटच्या गोळ्या यांची परिणामकारकता, सुरक्षितता व रुग्णांचे समाधान यांची तुलना करण्यासाठी केलेला अठरा महिन्यांचा संभावी, यादृच्छिक, तुलनात्मक अभ्यास.'

बेचाळीस शब्द झाले. यात चुकीचं काहीच नाही, पण शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरायला होते. शिवाय शोधयादीत शीर्षकांवरून भराभर नजर फिरवणारा डॉक्टर पहिले पाच-सात शब्द वाचतो, आणि इथे ते सगळे रुग्णालयाच्या वर्णनात खर्च झाले आहेत.

आता कात्री लावू. तिचा नियम साधा आहे. एक शब्द काढून पाहायचा. अभ्यास बदलला तर शब्द परत ठेवायचा, नाही बदलला तर तो गेला.

रुग्णालयाचं वर्णन काढलं तर अभ्यास तोच राहतो. ती माहिती आत, अभ्यासपद्धतीच्या भागात येणारच आहे. अठरा महिन्यांचंही तसंच. 'संभावी' म्हणजे आजपासून पुढे रुग्ण घेत जाणारा अभ्यास. कोणाला कोणता उपचार द्यायचा हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं, तर अभ्यास पुढच्या काळातलाच असणार आणि त्यात तुलनाही असणारच. एकटा 'यादृच्छिक' शब्द तिघांचं काम करतो. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे औषध शिरेतूनच देतात, त्यामुळे 'शिरेतून दिलेले' हे शब्दही गेले.

मात्र 'लोहाच्या कमतरतेचा' हे शब्द काढून बघा. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांनाही रक्तक्षय असतो, पण त्यांचा प्रश्न वेगळा. म्हणजे अभ्यास बदलला, तेव्हा हे शब्द राहिले. 'मध्यम' हाही राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात गरोदरपणी हिमोग्लोबिन 7 ते 9.9 ग्रॅम असेल तर तो मध्यम रक्तक्षय. 7च्या खाली तीव्र, आणि त्या बाईवरचे उपचार निराळे.

उरली ती परिणामकारकता, सुरक्षितता आणि समाधान ही तिकडी. इथे विद्यार्थिनीला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल. या तिघांपैकी मुख्य मोजमाप कोणतं? किती स्त्रिया अभ्यासात घ्यायच्या, हे गणित कशावरून मांडलं? ते हिमोग्लोबिनच्या वाढीवरून मांडलं असेल, तर शीर्षकात हिमोग्लोबिनच येईल. बाकीचं मोजावं जरूर, पण आत. या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल, तर कच्चं शीर्षक नाही, अभ्यासच कच्चा आहे, असं खुशाल समजावं.

आता जे उरलं ते असं. 'लोहाच्या कमतरतेमुळे मध्यम रक्तक्षय असलेल्या गरोदर स्त्रियांच्या हिमोग्लोबिनवर फेरिक कार्बोक्सिमाल्टोज आणि फेरस सल्फेट यांचा परिणाम: यादृच्छिक चाचणी.' सतरा शब्द. कोणावर, काय देऊन, कशाच्या तुलनेत, काय मोजलं आणि कोणत्या पद्धतीने, या पाचही प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत. चाचणी यादृच्छिक असेल तर ते शीर्षकातच सांगावं, असं कॉन्सॉर्ट ही आंतरराष्ट्रीय नियमावलीही सांगते.

यातला 'परिणाम' हा शब्द मात्र जपून वापरायचा. समजा, या विद्यार्थिनीने चाचणी केलीच नाही, जुने केसपेपर काढून कोणत्या औषधाने किती फरक पडला एवढंच पाहिलं. तिथे डॉक्टरांनी जास्त अशक्त बाईला सलाईनमधून लोह दिलेलं असणार आणि बऱ्यापैकी असलेलीला गोळ्या. दोन्ही गट मुळातच वेगळे. शेवटी दिसलेला फरक औषधाचा की मूळच्या अशक्तपणाचा, हे सांगता येत नाही. अशा वेळी शीर्षकात 'परिणाम' लिहू नये. 'उपचार आणि हिमोग्लोबिन यांचा संबंध: जुन्या नोंदींचा अभ्यास' इतकाच दावा करावा. तसंच, एका रुग्णालयात केलेल्या अभ्यासाला 'महाराष्ट्रातील गरोदर स्त्रिया' असं नाव देऊ नये.

मग गावाचं, प्रदेशाचं नाव कधी घालावं? निष्कर्ष त्या परिस्थितीला बांधलेला असेल तेव्हा. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला प्रसिद्ध अभ्यास 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्याच्या शीर्षकाचा आशय असा, की घरोघरी नवजात बाळांची काळजी आणि जंतुदोषावर उपचार, यांचा नवजात मृत्यूंवर परिणाम, ग्रामीण भारतातील क्षेत्रीय चाचणी. जिथे दवाखाना जवळ नाही तिथलाच हा प्रश्न, म्हणून 'ग्रामीण' शब्द हवाच. गावांची वाटणी यादृच्छिक नव्हती, म्हणून तो शब्दही नाही. 39 गावांत काम झालं आणि 47 गावं तुलनेसाठी होती, हे आकडे आत आहेत. मृत्यू किती घटले, तेही शीर्षकात नाही.

एक शेवटची गोष्ट. आपल्या देशात औषधांच्या चाचण्यांची नोंदणी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते, आणि तीही पहिला रुग्ण घेण्याआधी. तिथे दोन शीर्षकं मागतात, एक शास्त्रीय आणि एक सामान्य माणसासाठी. आपण घडवलं ते शास्त्रीय. दुसरं असं लिहिता येईल, 'गरोदरपणात रक्त वाढवण्यासाठी सलाईनमधून लोह आणि लोहाच्या गोळ्या यांची तुलना.' चाचणीत भाग घेणाऱ्या बाईला हे वाचून कळलं पाहिजे की आपल्याला काय दिलं जाणार आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, सिनॉप्सिस देण्याआधी तुमचं शीर्षक दुसऱ्या विभागातल्या एखाद्या मित्राला फक्त एकदा वाचून दाखवा आणि अभ्यास कशाचा आहे ते त्याच्याकडून वदवून घ्या. त्याने भलतंच सांगितलं, तर त्याला समजावत बसू नका, शीर्षक बदला. आणि हे एथिक्स कमिटीकडे कागद जाण्याआधीच करा, कारण तिथे मंजूर झालेलं शीर्षकच पुढे सगळीकडे चालवायचं असतं.