सगळं चालतंय, फक्त ब्राउझर बंद

मी म्हैसूरच्या हेब्बाळमध्ये राहते. बेंगळुरूचं हेब्बाळ नव्हे, हे आमचं कारखान्यांचं आणि आयटी कॅम्पसचं हेब्बाळ. आज शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपची गोष्ट सांगते.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "अगं, मुलीच्या परीक्षेचा फॉर्म आज रात्री बारापर्यंत भरायचाय आणि क्रोममध्ये एकही पान उघडत नाहीये. दुकानदार म्हणतो, लॅपटॉप फॉरमॅट करावा लागेल." मी म्हटलं, "काकू, हात लावू नका, मी येते." फॉरमॅट केला असता तर फॉर्मसाठी स्कॅन करून ठेवलेली कागदपत्रंही गेली असती.

जाऊन पाहिलं, तर त्याच लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज येत होते, व्हिडिओ कॉलही लागत होता. म्हणजे इंटरनेट होतं. क्रोमच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत हे लिहिलं होतं:

```
DNS_PROBE_FINISHED_BAD_SECURE_CONFIG
```

डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था. आपण साइटचं नाव टाकतो, पण कॉम्प्युटरला हवा असतो आकड्यांचा आयपी पत्ता. बहुतेक अ‍ॅप हा पत्ता विंडोजला विचारतात, आणि विंडोज साधारणपणे घरच्या राउटरला. ब्राउझर मात्र विंडोजला बाजूला ठेवून स्वतःच, कुलूपबंद पद्धतीनं, दुसऱ्या एखाद्या सर्व्हरला विचारू शकतो. वाटेत कुणाला आपली चौकशी वाचता येऊ नये, म्हणून ही सोय आहे. पण तो सर्व्हरच बंद पडला, तर ब्राउझरला कुठलाच पत्ता मिळत नाही. बाकीच्या अ‍ॅपना त्याची खबरही नसते.

संशय पक्का करायला मी दोन गोष्टी केल्या. आधी विंडोजलाच एक पत्ता विचारला:

```
nslookup example.com
```

लगेच उत्तर आलं. मग क्रोममध्ये नावाऐवजी थेट काकूंच्या राउटरचा आकडा, 192.168.1.1, टाकला. राउटरचं पान झटकन उघडलं! आकडा दिला की पत्ता विचारावाच लागत नाही. म्हणजे क्रोम ठणठणीत होता, विंडोजही. अडत होतं ते फक्त क्रोमच्या स्वतःच्या चौकशीत.

काकूंनी तोवर कॅश साफ केली होती, इनकॉग्निटो खिडकी उघडून पाहिली होती, मोबाइलचा हॉटस्पॉटही जोडून झाला होता. यातलं काहीच लागू पडलं नाही, कारण ही सेटिंग ब्राउझरच्या आत असते. वायफाय बदललं तरी ती सोबतच येते आणि इनकॉग्निटोलाही तीच लागू होते.

मग Settings, त्यात Privacy and security, त्यात Security, असं जाऊन Use secure DNS पाहिलं. तिथे स्वतः लिहिलेला एक पत्ता होता. काकूंच्या मुलानं जाहिराती अडवायला एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला होता, त्याचा हा पत्ता. भाड्याची मुदत संपली, सर्व्हर बंद झाला, आणि घरात कुणाच्या लक्षातही नव्हतं. पत्ता टाकताना क्रोम तो चालतो का हे तपासतो. तेव्हा तो चालत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही.

आता प्रश्न असा, की क्रोमनं गुपचूप विंडोजला का नाही विचारलं? कारण आपणच ठरावीक सर्व्हर नेमला, की क्रोम त्यालाच विचारतो. नाहीतर आपली चौकशी कळू न देता उघड्या वाटेनं गेली असती. सेटिंग आपोआप निवडीवर ठेवली, तर जमेल तिथे कुलूपबंद आणि नाही जमलं तर साधी चौकशी होते. फायरफॉक्समध्येही असाच फरक आहे: Increased Protection गरज पडली तर साध्या वाटेनं जातं, Max Protection मात्र तुम्हाला विचारल्याशिवाय जात नाही.

मी तो पत्ता काढला, यादीतली सिस्टिमची नेहमीची सेवा निवडली आणि पान पुन्हा लोड केलं. साइट उघडली. साडेनऊला फॉर्म गेला, पावतीही आली.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर ही सेटिंग कंपनीनं बांधलेली असू शकते. तिथे छेडछाड न करता तुमच्या आयटीवाल्यांना सांगा. आणि अँड्रॉइड फोनमधलं Private DNS हे वेगळं प्रकरण आहे. ते पूर्ण फोनला लागू होतं, त्यामुळे तिथला सर्व्हर बंद पडला तर ब्राउझरबरोबर बाकीची अ‍ॅपही अडतात. एकटा ब्राउझरच अडला असेल, तर आधी ब्राउझरच्या आत पाहा.

काकूंच्या मुलाला मी एवढंच सांगितलं, "दादा, घरच्यांच्या कॉम्प्युटरमध्ये स्वतःचा सर्व्हर घालायचा, तर त्याची मुदत कधी संपते तेही घरच्यांना लिहून दे." भेटू पुढच्या वेळी.