हाडाला नव्या ओझ्याची भाषा कळते



हाड ठिसूळ होणं हे म्हातारपणाचं दुखणं, असं आपण धरून चालतो. माझी एक मावसबहीण पालमला शिक्षिका आहे. वय 43, पाळी नियमित. तिच्या आईचं, म्हणजे आमच्या खालाचं, खुब्याचं हाड अंगणात पाय घसरून मोडलं आणि खाला पुन्हा बाजेवरून उठली नाही. तो धाक मनात होता, म्हणून बहिणीनं नांदेडला जाऊन हाडांच्या घनतेची तपासणी, म्हणजे डेक्सा, करून घेतली. कागदावर शब्द आला : ऑस्टिओपेनिया. घरात रडारड झाली.

डॉक्टरांनी आधी तो शब्दच बाजूला ठेवला. पाळी सुरू असलेल्या बाईची तुलना पंचविशी-तिशीतल्या तरुणीशी नाही, तिच्याच वयाच्या बायकांशी करायची असते. त्या आकड्याला झेड-स्कोअर म्हणतात. तो उणे 2 किंवा त्याहून खाली गेला, तर वयाच्या मानानं घनता कमी. बहिणीचा उणे 1.4 होता. म्हणजे बेताची घनता, रोग नव्हे. शिवाय एक तपासणी म्हणजे एक फोटो. हाड झिजत चाललंय की तरुणपणीच ते कमी भरलं होतं, हे एका फोटोवरून कळत नाही. मग थायरॉईड, मूत्रपिंड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांसाठी रक्त तपासलं. बाकी सगळं ठीक निघालं, ड जीवनसत्त्व मात्र फार कमी. त्याचं औषध डॉक्टरांनी ठरवून दिलं.

बहीण म्हणाली, “मी तर रोज शाळेत चालत जाते, घागरी उचलते. मग हाड कमी का?” याचं उत्तर मोठं मजेदार आहे. ज्या ओझ्याची सवय झाली, त्याला हाड दाद देत नाही. नव्या, जरा जास्तीच्या ओझ्यालाच देतं. रुबिन आणि लॅनियन या शास्त्रज्ञांनी 1984 साली पक्ष्याच्या पंखाच्या हाडावर प्रयोग केला. दिवसाला 36 वेळा ताण दिला तेव्हा हाड वाढलं. तोच ताण 1800 वेळा दिला, तरी वाढ तेवढीच! म्हणजे मैलोगणती चालण्यापेक्षा मोजकं पण जड उचलणं हाडाला अधिक कळतं.

पालमला जिम शोधायला कुठे जायचं? तिनं पाण्याचे दोन कॅन घेतले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन आपोआप मोजलेलं. दोन हातांत पाच-पाच लिटर घेऊन खुर्चीवर बसून उठायचं. जमिनीवरचे कॅन पाठ सरळ ठेवून, गुडघे वाकवून उचलायचे. एक छोटा कॅन डोक्यावर नेऊन खाली आणायचा. प्रत्येक प्रकार पाच वेळा, मग दम खायचा, असे पाच फेरे. आठवड्यातून दोनच दिवस. शेवटची दोन उचलणी सोपी वाटू लागली, की एक लिटर वाढवायचं. शेवटी जागच्या जागी दहा छोट्या उड्या. सुरुवातीचे काही आठवडे फिजिओथेरपिस्टनं समोर उभं राहून पाठ पाहिली, कारण पाठीचा कणा गोल करून वजन उचललं तर मणक्यावर नको तो दाब येतो. आधी मणका मोडला असेल किंवा पाठीत नवी कळ असेल, त्यांनी विचारल्याशिवाय उड्या मारू नयेत.

आता ताट. प्रौढांना दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आपल्या ज्वारीत ते शंभर ग्रॅमला तीसच्याही आत. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्यानं 2018 साली आलेल्या ‘परभणी शक्ती’ ज्वारीचा गुण लोह आणि जस्ताचा. कॅल्शियमसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. बहिणीचा हिशेब भाकरी, वरण, भाजी आणि चहातलं दूध धरून जेमतेम तीनशेवर थांबत होता. त्यात पेलाभर दूध आलं, त्याचे तीनशे. वाटीभर दही, साधारण दोनशे. ज्वारीच्या एका भाकरीऐवजी नाचणीची, त्याचे आणखी दोनशे. भरपाई ताटातच झाली, गोळी लागली नाही. स्नायूंसाठी रोज दोन अंडी किंवा जास्तीची डाळ.

दीड वर्षानं त्याच यंत्रावर पुन्हा तपासणी केली, कारण यंत्र बदललं की तुलना फसते. कण्याची घनता एक टक्क्यानं वाढलेली दिसली. बहीण हरखली. डॉक्टर म्हणाले, “ही वाढ नका समजू. तीन-चार टक्क्यांच्या आतला फरक यंत्राच्या मोजण्यातही येतो. ‘आहे तेवढंच आहे’ असं समजा.” ती हिरमुसली. पण पाळी जाण्याच्या आसपास काही वर्षं कण्याचं हाड दरसाल दोनेक टक्के झिजू शकतं. त्या उतारावर जाण्याआधी आहे ते टिकलं, हीच कमाई. व्यायामानं तो उतार पुसला जात नाही, आणि पुढे कधी औषध लागलं तर ते व्यायामाचं अपयश नव्हे.

एक बदल मात्र यंत्राच्या कागदावर नव्हता. आज ती दोन हातांत मिळून अठरा लिटर पाणी घेऊन खुर्चीवरून उठते आणि एका पायावर तोल सांभाळते. खुबा मोडतो तो बहुधा पडल्यावर. न पडणं हेही हाड वाचवणंच आहे.