पत्र एकच, भाडेकरू दोन

मी वकील नाही, भाडेकरू आहे. घरमालकाचं पत्र हातात पडल्यावर जे शिकावं लागलं तेवढंच सांगतो.

श्रीरामपुरात आमच्या घराण्यात वर्षभरात अशी दोन पत्रं आली. एक मला, एक माझ्या फुफीला. घरमालक वेगळे, पण वाक्य जवळपास तेच: "सदर जागा आम्हांस कुटुंबाच्या वापरासाठी हवी असल्याने एक महिन्यात खाली करावी." मला वाटलं, दोघांचं प्रकरण सारखंच. वकीलसाहेबांनी पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "आधी करार दाखव."

माझा करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा. तीनदा नवा केलेला, आणि शेवटचा संपायला दीड महिना उरलेला. अशा करारात मुदत संपली की मालकाला जागा परत मिळते. त्याच्या मुलाचं लग्न खरंच ठरलंय का, हे कोणी विचारत नाही. उलट मुदतीनंतर मी अडून राहिलो असतो, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे दुप्पट भाडं नुकसानभरपाई म्हणून भरावं लागलं असतं. तेव्हा भांडण्यात अर्थ नव्हता. मी फक्त मुदत संपेपर्यंतचे दिवस आणि डिपॉझिट परत देण्याची तारीख लिहून मागितली. दोन्ही मिळालं.

फुफीचं तसं नव्हतं. तिथं करारच नाही; तीस वर्षांच्या भाडेपावत्या आहेत, त्याही बिस्किटाच्या डब्यात. ती खरी भाडेकरू. तिच्या मालकाला नुसत्या पत्रावर जागा मिळत नाही. दिवाणी न्यायालयात दावा लावून कलम 16 खाली दाखवावं लागतं की गरज वाजवी आणि प्रामाणिक आहे. आता मालकाची गरज म्हणजे फक्त त्याची एकट्याची नव्हे. पंजाबातल्या जोगिंदर पाल खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयानं सनदी लेखापाल मुलाच्या ऑफिसची गरजही मालकाची स्वतःची गरज मानली. म्हणून "मुलासाठी हवी म्हणजे बहाणाच" असं धरून चालू नका. फुफीच्या मालकाची मुलगी खरोखर माहेरी परतली होती.

पण गरज खरी ठरली तरी प्रश्न संपत नाही. त्याच कलमात पुढे म्हटलंय की जागा गेल्यानं भाडेकरूला जास्त त्रास होणार असेल, तर न्यायालयानं खाली करण्याचा हुकूम देऊ नये. आणि जागेचा काही भाग देऊन भागत असेल तर तेवढाच द्यावा. हा त्रास आपल्याला पुराव्यानं दाखवावा लागतो. तुम्ही दुसरं घर शोधलंत का, हा पहिला प्रश्न येतो.

इथं आपली पोरं कमी पडतात. आपल्याला नकार मिळतो तो तोंडी. फोनवर नाव सांगितलं की "कालच गेली जागा". आपण चिडतो, घरी येऊन चहा पितो आणि विसरतो. फुफीच्या मुलानं मात्र वही केली. तारीख, गल्ली, एजंट कोण, भाडं किती सांगितलं, काय उत्तर मिळालं. व्हॉट्सॲपवरचे निरोप जपून ठेवले. दोन महिन्यांत चौदा घरं. त्यांतली काही भाड्यानं परवडत नव्हती, तेही लिहिलं. फक्त सोयीचं तेवढं लिहिलं असतं तर वहीवर कोणी विश्वास ठेवला नसता.

दरम्यान भाडं एक महिनाही चुकवलं नाही. मालकानं घ्यायला नकार दिला, तेव्हा त्याच्या खात्यात टाकून पावती ठेवली. भाडं थकलं की मालकाला दुसरंच कारण मिळतं आणि मग गरजेचा वाद बाजूलाच राहतो.

आणखी एक गोष्ट फुफीला कोणी आधी सांगितली नव्हती. या कारणावर न्यायालयाच्या हुकुमानं जागा गेली आणि मालक महिन्याभरात राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत त्यानं ती दुसऱ्याला भाड्यानं दिली, तर कलम 17 खाली जुन्या भाडेकरूला ती परत मागता येते. मागणी तेरा महिन्यांच्या आत करायची. पण त्यासाठी हुकूम असावा लागतो. नुसत्या पत्राला मान देऊन किल्ली दिली, तर हा दरवाजा बंद.

फुफी किल्ली देणारच होती. "शेजाऱ्यांत तमाशा नको," म्हणत होती. आम्ही थांबवलं आणि वकिलामार्फत उत्तर पाठवलं. मालक वही पाहायला घरी आला. चहा झाला. दावा लागलाच नाही. रस्त्याकडची खोली फुफीनं सोडली, आतल्या दोन खोल्या आणि मोरी तिच्याकडे राहिली, आणि हे सगळं स्टॅम्प पेपरवर लिहून दोघांनी सह्या केल्या. भाडं तेवढंच आहे, याबद्दल ती अजून कुरकुर करते.

तुमच्यापैकी कोणाकडे असं पत्र आलं असेल, तर चहाच्या वेळी करार किंवा पावत्या घेऊन माझ्याकडे या. पत्र नंतर पाहू.