एक शब्द, दोन खाती : आगाऊ भाडं आणि अनामत



मी बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात बरीच वर्षं हिशेब लिहितोय. तुमकूर रोडनं जाताना मेट्रोचं ‘पीण्या इंडस्ट्री’ नावाचं स्टेशन लागतं. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत लेथ, सीएनसी, पावडर कोटिंग, प्रेस अशी कामं चालणाऱ्या शेड खेटून उभ्या आहेत. यातल्या कितीतरी शेड भाड्याच्या. मशिनवाला वेगळा, जागेचा मालक वेगळा. माझं काम जास्त करून जागामालकांच्या वह्यांचं.

आज एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. भाडेकरूकडून पहिल्या दिवशी जे पैसे येतात, ते मालकानं वहीत कुठं लिहायचे आणि पुढं दर महिन्याला काय लिहायचं. विषय सोपा वाटतो. मी त्यात सपशेल चुकलो होतो, म्हणून सांगतोय.

घोळ शब्दापासून सुरू होतो. पुण्या-मुंबईत आपण ‘डिपॉझिट’ म्हणतो. बेंगळुरूत त्याच पैशाला सगळे ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात. “अ‍ॅडव्हान्स किती?” असं कुणी विचारलं, तर त्याला अनामत किती ते हवं असतं, आणि दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत हा इथला जुना रिवाज. पण काही मालक त्याशिवाय तीन किंवा सहा महिन्यांचं भाडंही आधी घेतात. तेही अ‍ॅडव्हान्सच! म्हणजे दोन वेगळे पैसे, त्यांचं नाव एक, येण्याचा दिवस एक, आणि पुष्कळदा चेकही एकच.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एका शेडचं भाडं महिना पंचवीस हजार होतं. भाडेकरू कोल्हापूरकडचा, दोन लेथ घेऊन आलेला. त्यानं सव्वातीन लाखांचा चेक दिला. त्यात अडीच लाख अनामत आणि पंचाहत्तर हजार तीन महिन्यांचं आगाऊ भाडं. पावतीवर लिहिलं होतं फक्त ‘अ‍ॅडव्हान्स’. मी सगळी रक्कम ‘आगाऊ भाडे’ खात्याला जमा केली आणि दर महिन्याला त्यातले पंचवीस हजार भाडे उत्पन्नाकडे वळवत गेलो.

तीन महिन्यांनी आगाऊ भाडं संपलं आणि तो नियमित भाडं भरायला लागला. ते पैसेही मी त्याच खात्यात जमा करायचो आणि महिनाअखेर पंचवीस हजार बाहेर काढायचो. पंचवीस आत, पंचवीस बाहेर. शिल्लक कायम अडीच लाख. वरून पाहिलं तर खातं अगदी शहाण्यासारखं वागत होतं. पुढं एका मार्चअखेरीला मला ती अडीच लाखांची शिल्लक दिसली. मला वाटलं, एवढं जुनं आगाऊ भाडं, महिने तर कधीच उलटून गेले, उत्पन्नात न्यायचं राहून गेलं असणार. मी ते उत्पन्नात नेलं. मालकांनी त्यावर करही भरला.

काही वर्षांनी मालक वारले आणि मुलगा कारभार बघायला लागला. भाडेकरूला जागा सोडायची होती. त्यानं अडीच लाख मागितले. मुलानं वही उघडली, तर त्या माणसाच्या नावानं एक रुपया देणं नाही. मुलगा खोटं बोलत नव्हता. वहीत जे होतं तेच तो सांगत होता. भाडेकरू माझ्याकडे आला आणि म्हणाला, “दादा, माझं अडीच लाख कुठं गेलं?”

ते मीच घालवले होते, पेनानं. सुदैवानं त्याच्याकडे करारपत्र होतं आणि त्यात अनामत आणि आगाऊ भाडं वेगवेगळं लिहिलेलं होतं. बँकेच्या उताऱ्यात चेकही सापडला. पैसे मिळाले, पण मुलाला ते उभे करायला चार महिने लागले, आणि तेवढे दिवस त्या माणसाची नवी जागा अडून राहिली.

तेव्हापासून कुठलीही रक्कम लिहिण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारतो. करार ठरल्याप्रमाणे नीट पार पडला, तर हे पैसे शेवटी कुणाचे? आगाऊ भाडं मालकाचं होतं, पण हळूहळू. जागा वापरू दिलेला प्रत्येक महिना त्याचा एक तुकडा कमावून देतो. अनामत मात्र शेवटच्या दिवसापर्यंत भाडेकरूचीच. पहिल्या दिवशी दोन्ही मालकाच्या डोक्यावरची देणीच आहेत. फरक एवढाच, की एक देणं जागा देऊन फिटतं आणि दुसरं पैसे देऊन.

आता आकड्यांत बघू. उदाहरण सोयीसाठी मी बनवलेलं आहे. करार १ जानेवारी २०२५ पासून अकरा महिन्यांचा. भाडं महिना ६०,०००. अनामत दहा महिन्यांची, म्हणजे ६,००,०००. आगाऊ भाडं सहा महिन्यांचं, म्हणजे ३,६०,०००. मालकाची जीएसटी नोंदणी आहे आणि भाडेकरू खासगी मर्यादित कंपनी आहे.

व्यापारी जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी. तो आगाऊ भाड्यावर लागतो, म्हणजे ६४,८००. अनामतीवर लागत नाही. जीएसटी कायदाच सांगतो की अनामत जोवर भाड्यापोटी वळती केली जात नाही, तोवर ती सेवेची किंमत मानायची नाही. टीडीएसचंही तसंच. भाडेकरू १० टक्के कापेल ते आगाऊ भाड्यावर, ३६,०००. परत द्यायच्या अनामतीवर कपात नाही. म्हणून बँकेत येतील ९,८८,८००.

पहिल्या दिवसाची नोंद अशी :

बँक खाते नावे ९,८८,८००
टीडीएस येणे नावे ३६,०००
अनामत रक्कम (भाडेकरूच्या नावाने) जमा ६,००,०००
आगाऊ भाडे जमा ३,६०,०००
सीजीएसटी देणे जमा ३२,४००
एसजीएसटी देणे जमा ३२,४००

दोन्ही बाजूंची बेरीज १०,२४,८००. आणि एक बघा, या नोंदीत ‘भाडे उत्पन्न’ हा शब्द कुठंच नाही. दहा लाखांच्या आसपास पैसे बँकेत आले, पण १ जानेवारीला कमाई शून्य.

मग ३१ जानेवारीला :

आगाऊ भाडे नावे ६०,०००
भाडे उत्पन्न जमा ६०,०००

हीच नोंद फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे आणि जूनच्या अखेरीला. आगाऊ भाड्याची शिल्लक तीन लाख, मग दोन लाख चाळीस हजार अशी उतरत ३० जूनला शून्य होते. या सहा महिन्यांत बँकेचा काहीच संबंध नाही. पैसे आधीच आलेत, आता फक्त कमाई वहीत उतरतेय. आणि अनामतीला दरमहा काय नोंद? काही नाही. ती सहा लाखांवर स्वस्थ बसून राहते.

जीएसटी मात्र तुमच्या महिन्यांची वाट बघत नाही. पैसे जानेवारीत आले, तर सगळ्या ६४,८०० चा कर जानेवारीच्या विवरणात, म्हणजे २० फेब्रुवारीपर्यंत भरायचा. उत्पन्न तुकड्यातुकड्यानं आणि कर एकदम, हे बघून नवा हिशेबनीस गोंधळतो आणि दोन्ही एकत्र लिहून टाकतो. तसं करू नका.

३१ मार्चला ताळेबंद काढताना तीन महिने झालेले असतात. उत्पन्न १,८०,०००, आणि उरलेले १,८०,००० देण्यांच्या बाजूला. टीडीएसचंही असंच वाटायचं. जितकं भाडं या वर्षाच्या उत्पन्नात आलं, तितक्याच कपातीचं श्रेय या वर्षी, म्हणजे १८,०००. उरलेले १८,००० पुढच्या वर्षी मागायचे.

जुलैपासून आगाऊ काही उरलेलं नाही. आता दर महिन्याचं बिल भाडेकरूच्या खात्याला नावे : ६०,००० भाडं आणि १०,८०० जीएसटी. टीडीएसचे ६,००० वजा जाऊन ६४,८०० येतात, ते भाडेकरूच्या खात्याला जमा. आगाऊ भाडे खात्याला आता हातही लावायचा नाही. माझी जुनी चूक इथंच झाली होती.

समजा, शेवटी नोव्हेंबरचं भाडं भाडेकरूनं दिलं नाही आणि म्हणाला, “अनामतीतून वळतं करून घ्या.” शिवाय १३,२०० रुपयांचं वीज बिल थकलं आणि मीटर मालकाच्या नावावर असल्यानं ते मालकानं भरलं. बिल भरताना ते भाडेकरूच्या खात्याला नावे लिहिलेलं असणार. आता अनामत पहिल्यांदा हलते :

अनामत रक्कम नावे ६,००,०००
भाडेकरू खाते (नोव्हेंबरचे भाडे) जमा ६४,८००
भाडेकरू खाते (वीज बिल) जमा १३,२००
बँक खाते जमा ५,२२,०००

नोव्हेंबरचं बिल फाडलेलं असल्यामुळं त्यावरचा जीएसटी त्या बिलाबरोबरच आला. अनामत वळती करताना तो पुन्हा लावायचा नाही. बिल फाडलंच नसेल, तर मात्र वळती केलेली रक्कम त्या घडीला भाडं ठरते आणि कर लागतो.

चूक ओळखायची कशी? माझी परीक्षा दोन ओळींची आहे. ३१ मार्चला आगाऊ भाड्याच्या शिलकेला महिन्याच्या भाड्यानं भागा. जे उत्तर येईल, तितके भरलेले महिने पुढं शिल्लक असले पाहिजेत. आमच्या उदाहरणात १,८०,००० भागिले ६०,००० म्हणजे तीन : एप्रिल, मे, जून. बरोबर. माझ्या जुन्या वहीत उत्तर दहा आलं असतं आणि भाडेकरू तर दर महिन्याला भाडं भरत होता. दहा महिने कुठले? ती लपलेली अनामत होती. मी तेव्हा भागाकार केला नाही.

दुसरी ओळ अनामतीसाठी. प्रत्येक भाडेकरूचं वेगळं खातं ठेवा आणि वर्षातून एकदा त्याच्याकडून शिल्लक लिहून सही घ्या. दहा शेडच्या अनामती एकाच खात्यात टाकल्या, तर बेरीज जुळते, पण कुणाचे किती ते कळत नाही.

एक मर्यादाही सांगतो. नोंद बरोबर केली म्हणून पैसे जागेवर राहतात असं नाही. अनामत वहीत देणं म्हणून नीट दिसत असते आणि तेवढ्यात मालक त्यातून दुसऱ्या शेडचा पत्रा घालतो. मी माझ्या मालकांना सांगतो, निदान ज्या करारांची मुदत वर्षभरात संपतेय, त्यांच्या अनामतीएवढी रक्कम मुदत ठेवीत बाजूला ठेवा. व्याज तुमचं, ते तुमच्या उत्पन्नात लिहा. मुद्दल त्याचं.

आणि भाडेकरू म्हणून कुणी ऐकत असाल, तर पावतीवर नुसतं ‘अ‍ॅडव्हान्स’ लिहून घेऊ नका. अनामत इतकी, आगाऊ भाडं इतकं, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, असं दोन वेगळ्या ओळींत लिहून घ्या. त्या कोल्हापूरच्या माणसाच्या करारात त्या दोन ओळी होत्या. माझ्या वहीत नव्हत्या.